वहीतले पाच दिवस

माझी पाळीची वही लांबट, खाकी पुठ्ठ्याची होती. उपकेंद्राच्या जुन्या रजिस्टरातून उरलेली कोरी पानं मी दाभणाने शिवून ती केली होती. चार रकाने आखले होते: महिना, सुरू झाल्याची तारीख, किती दिवस, शेरा. तिसऱ्या रकान्यात दर महिन्याला एकच आकडा असे. पाच. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘काही नाही’.

मी नर्स. जवळा बाजारपासून तीन मैलांवरच्या उपकेंद्रात नोकरीला होते. सकाळी नऊला जायचं, लशींचा डबा, वजनकाटा, गोळ्यांची पाकिटं मोजून पिशवीत भरायची, कुठल्या घरी कुठली बाई कितव्या महिन्यात आहे त्याची यादी हातात घ्यायची आणि निघायचं. गावातल्या शंभर बायकांची शेवटची पाळी मला तोंडपाठ असे. सरकारी रजिस्टरात त्यासाठी एकच रकाना असतो, पहिल्या दिवसाच्या तारखेचा. पाळी संपली कधी, हे कोणी विचारत नाही. मीही कोणाला विचारत नव्हते.

घरात तिघं. नवरा, सासू आणि मी. नवऱ्याचं बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्याच्याकडे येत. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. घरात पाच दिवस बाजूला बसायची रीत होती. लग्न झालं तेव्हाच मी बोलून घेतलं होतं. म्हटलं, आत्या, मी नोकरी करते, गावभर फिरते, पण घरात तुमची रीत पाळीन. पाच दिवस चूल नाही, पाणी नाही. सहाव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ आणि कामाला. त्याच्या वर एक दिवस नाही.

“पाच म्हंजे पाच,” त्या म्हणाल्या. “सरकारी बाई हाय तू. तुझ्याशी हुज्जत कोन घालील?”

हा करार आम्ही दोघींनी कधी मोडला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

माझं पहिलं बाळंतपण हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्याच्या आधीच्या वर्षीचं. कळा आदल्या दिवशी दुपारी सुरू झाल्या. बाळाचं डोकं खाली येऊन अडकलं. परभणीला नेईपर्यंत पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं होतं, तरी बाळ सरकेना. शेवटी सिझर झालं. मुलगा होता. रडायला त्याला वेळ लागला, आणि नंतर तो नीट रडलाच नाही. चौथ्या दिवशी गेला. याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. पोटावर आडवा टाका राहिला, तो चांगला भरला. घरी टाका बघून आत्या म्हणाल्या, बरं शिवलंय, रेघ सुद्धा दिसत न्हाई.

चार महिन्यांनी पाळी परत आली, तेव्हाच मी ती वही शिवली, आणि पहिल्याच महिन्यात मला फरक कळला. आधी माझी पाळी चार दिवसांत आटपायची. आता पाचव्या दिवशी रक्तस्राव थांबे, मी अंघोळ करून चुलीपाशी जाई, आणि दुपारी कपड्यावर डाग दिसे. लाल नाही. पाण्यात कात विरघळावा तसा तपकिरी. दोन-चार थेंब. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. असं नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत चाले, कधी बाराव्या. दुखत काही नसे.

मी नर्स असून काय केलं? काहीच नाही. हार्मोनचं असेल म्हटलं. अशक्तपणा असेल म्हटलं आणि लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. खरं कारण हे होतं की हा डाग आत्यांना सांगितला असता तर करार मोडला असता. डाग आहे म्हणजे अजून पाळी आहे, त्यांचा हिशोब सरळ होता. महिन्यातले बारा दिवस मी ओसरीत बसले असते. मग स्वयंपाक त्यांच्यावर, त्यांचे गुडघे आधीच गेलेले. म्हणून मी पाच दिवसांनी अंघोळ करत राहिले, आत मऊ कापड ठेवून पोळ्या लाटत राहिले आणि वहीत पाच लिहीत राहिले. सहाव्या दिवसानंतर जे येई ते मी पाळी धरत नव्हते, म्हणून ते वहीत नव्हतं. पहिल्या वर्षी ते खोटं आहे हे मला माहीत होतं. तिसऱ्या वर्षी विसरले.

दिवस राहिले नाहीत. पाच वर्षं गेली. हिंगोलीला दाखवलं, नांदेडला दाखवलं. नवऱ्याची तपासणी ठीक. माझ्या नळ्या मोकळ्या. दर वेळी वही पुढे करायची, डॉक्टर पान उलटायचे, मान हलवायचे. “पाळी नियमित आहे तुमची.” एकदा एक डॉक्टर सहायिकेला म्हणाले, “बघा, पेशंटनं अशी नोंद ठेवावी.” मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

शेवटी औरंगाबादला टेस्ट ट्यूबचं केंद्र आहे असं कळलं आणि आम्ही तिकडे गेलो. जवळ्याहून औंढा, जिंतूर, जालना अशी बस. इंजेक्शनं मी स्वतःच स्वतःला टोचून घ्यायचे, वेळेला, घड्याळ बघून. बीजं काढली आणि सहा गर्भ तयार झाले. दोन तेव्हाच सोडायचे, चार गोठवून ठेवायचे असं ठरलं.

पहिल्या वेळी टेबलावर होते तेव्हा डॉक्टरांचा हात थांबला. गर्भ सोडायची नळी आत जाता जाता कुठेतरी अडकली. त्यांनी ती किंचित मागे घेतली, वळवली, पुन्हा घातली. बाहेर काढली तेव्हा टोकाला तपकिरी लागलेलं मी पाहिलं. तो रंग मी ओळखत होते. ते म्हणाले, थोडं अवघड गेलं, होतं असं कधी. मी मान हलवली. चौदा दिवसांनी रक्त तपासलं, काही नव्हतं.

दुसऱ्या वेळी गोठवलेल्यातले दोन. त्याआधी अस्तर किती जाड झालं ते बघायला सोनोग्राफी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आत थोडं पाणी दिसतंय. दोन दिवसांनी बघितलं तर नव्हतं. गर्भ सोडले. पुन्हा काही नाही. परत येताना जालन्याला बस थांबली तेव्हा नवरा म्हणाला, “मोटार जळली की मी आधी वायंडिंग उघडून बघतो. ह्यांनी तुझं उघडून काही बघितलं का?” मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, माणसाची मोटार करू नका. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

आता दोन गर्भ उरले होते. नवीन बीजं काढण्याइतकी ताकद आमच्यात कुठल्याच अर्थाने नव्हती, आणि माझं वय छत्तीस झालं होतं. म्हणजे जे काही होतं ते त्या दोनांत होतं. घरात याबद्दल कोणी बोलत नसे. आत्या फक्त अधूनमधून विचारत, “ते दोघं बरे हायेत ना तिकडं? थंडी न्हाई ना वाजत?” आणि मी म्हणायचे, थंडीतच ठेवलेत त्यांना, आत्या.

तिसऱ्या वेळी नवऱ्याला निघता आलं नाही. पेरणीनंतर पाऊस लांबला होता, गावातल्या सगळ्या मोटारी एकदम जळत होत्या. आत्या म्हणाल्या, मी येते. मी नको म्हटलं. गुडघे, बस, जिने. त्यांनी ऐकलं नाही. पिशवीत भाकरी, ठेचा, आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या घेतला.

केंद्रात आधीचे डॉक्टर नव्हते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझी फाईल बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. सिझर कधी झालं? किती वेळ कळा दिल्या होत्या? पिशवीचं तोंड किती उघडलं होतं? मी सगळं सांगितलं. मग वही पुढे केली.

तिने वही उघडली नाही. तिने विचारलं, “पाळी थांबल्यावर मधे डाग जातो का? तपकिरी?”

आत्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. मी म्हणाले, “नाही.”

“पाच दिवसांत पूर्ण बंद?”

“हो.”

आत्यांनी तांब्या खाली ठेवला. स्टीलच्या टेबलावर आवाज झाला.

“न्हाई, डॉक्टरीणबाई,” त्या म्हणाल्या. “धा दिवस जातंय तिचं. कंदी बारा.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“तुम्हाला कसं माहीत, आजी?” डॉक्टरीण म्हणाली.

“म्या काय आंधळी हाय का? सहाव्या रोजाला चुलीपाशी येती, समदं करती, पन देवापाशी दिवा लावत न्हाई. ‘आत्या, तुमीच लावा, माझे हात पिठाचे हायेत.’ धा-बारा दिवस हिचे हात पिठाचेच! मंग येका दिवशी आपली आपली जाऊन लावती. मी दिवे मोजते बाई. ते लेकरू गेल्यापासून मोजते.”

मला आठवलं, ते खरं होतं. मी चूल शिवत होते, पाणी शिवत होते, पण डाग असलेल्या दिवसांत दिव्याला हात लावायला माझा जीव होत नसे. मी, गावभर बायकांना हे सगळं खोटं आहे म्हणून सांगणारी. आणि हे मी वहीत लिहिलं नव्हतं, स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

“मग बोलल्या का नाही तुम्ही?” मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

“काहून बोलू? बोलले असते तं तुला बाहीर बसावं लागलं असतं. पाच म्हंजे पाच म्हनली होतीस तू. म्हनलं, हिला लपवायचं हाय तं लपवू दे. मला न्हाई दिसत. असं ठरवलं मी.” मग त्यांनी तांब्या पुन्हा उचलला. “मला काय ठाव की ते इचारायचं आस्तंय.”

आठ वर्षं. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकमेकींना वाचवत होतो.

डॉक्टरणीने आम्हाला भांडू दिलं नाही. त्या दिवशी माझा नववा दिवस होता आणि डाग चालू होता. ती म्हणाली, चांगलं झालं, आजच बघू, डाग असताना ते दिसतं. खालून सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. पिशवी मागे झुकलेली होती. तिच्या पुढच्या भिंतीत, तोंडाच्या जरा वर, एक काळा त्रिकोण होता. ती त्याच्यावर बाण नेऊन थांबली.

“हा तुमचा सिझरचा टाका. बाहेरून भरला, आतून भरला नाही. खाच राहिली. पाळीचं रक्त ह्या खाचेत साचतं आणि पाळी संपली की हळूहळू गळत राहतं. तोच तुमचा डाग. बाळ खूप खाली आल्यावर सिझर केलं की काप खाली पडतो, तिथे असं होण्याची शक्यता जास्त.”

“आणि गर्भ?”

“साचलेलं हे पाणी मागे, वर पिशवीत जातं. औषधांनी अस्तर वाढवताना तर जास्त. आधीच्या फाईलमध्ये लिहिलंय, आत पाणी दिसलं. त्या पाण्यात गर्भ रुजणं कठीण. आणि नळी अडकली होती ना? ती बहुतेक या खाचेत शिरली होती.” तिने बाण त्रिकोणाच्या टोकावरून बाहेर नेला. “इथे भिंत दोनच मिलिमीटर उरलीय. याच्या पलीकडे लघवीची पिशवी. गर्भ इथेच रुजला तर जीवावर बेतेल.”

मी टेबलावर पडल्या पडल्या मोजलं. चार गर्भ. त्यातला एखादा तरी कदाचित ह्या काळ्या त्रिकोणात जाऊन पडला असेल. दुसरा त्या पाण्यात. डॉक्टरीण असं म्हणाली नाही, कोणी खात्रीने सांगूही शकत नाही. खाच असूनही बायकांना दिवस राहतात, हेही तिने सांगितलं. पण मी बघत होते. पडद्यावर ती जागा हलत नव्हती, काही करत नव्हती. माझ्या मुलाला बाहेर काढायला जिथे कापलं होतं, तिथेच ती तोंड उघडून बसली होती.

त्या महिन्यात गर्भ सोडणं रद्द झालं. दुर्बिणीने खालून खाच साफ करता येते, पण भिंत तीन मिलिमीटरहून पातळ असेल तर त्यात भोक पडायची भीती, म्हणून पोट उघडून जुना टाका काढून नव्याने शिवायचं ठरलं. त्यानंतर सहा महिने थांबायचं. पुढे दिवस राहिलेच तर कळा येऊ द्यायच्या नाहीत, आधीच सिझर. मी सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहून घेतलं. आत्या बाहेर बाकावर बसून भाकरी खात होत्या. मला बघून त्यांनी अर्धी मोडून पुढे केली. मी घेतली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या महिन्यात पाळी आली. चौथ्या दिवशी कमी झाली, पाचव्या दिवशी थांबली. सहाव्या दिवशी अंघोळ केली, कापड ठेवलं, दुपारी बघितलं. पांढरं. संध्याकाळी पांढरं. सातव्या दिवशीही पांढरं. मी वही काढली, पाच लिहिलं, आणि शेऱ्यात लिहिलं: ‘डाग नाही’. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या रकान्यात काही खरं लिहिलं होतं.

दिवेलागणीला आत्या देवापाशी बसल्या होत्या. काडीपेटी माझ्याकडे धरली. “आता पीठ न्हाई ना हाताला?” म्हणाल्या. मी दिवा लावला. त्या हसल्या नाहीत, मीही नाही.

सहा महिन्यांनी आम्ही तिघं औरंगाबादला गेलो. सोनोग्राफीत आत पाणी नव्हतं. जिथे त्रिकोण होता तिथे एक बारीक पांढरी रेघ. दोन गर्भ वितळवले, त्यातला एक वाचला. दुसरा वितळतानाच गेला. डॉक्टरीण म्हणाली, एक चांगला आहे. नळी सरळ गेली. पडद्यावर मी एक पांढरा ठिपका बघितला, वर, खाचेपासून लांब. तो ठिपका म्हणजे गर्भ नव्हे, त्याच्यासोबतची हवा, हे मला माहीत होतं. तरी बघत राहिले.

पुढचे दिवस मी रोज लिहिले. पहिला दिवस, काही नाही. दुसरा, काही नाही. गोळ्यांच्या वेळा, किती चालले, काय उचललं. नवऱ्याने बादलीलाही हात लावू दिला नाही. आत्यांनी घरात मोठ्याने बोलणं बंद केलं, जसं कोणी झोपलेलं असावं. अकराव्या दिवशी दुपारी कपड्यावर डाग दिसला. तपकिरी. कात विरघळावा तसा.

मी बराच वेळ मोरीत उभी होते. हा रंग मी आठ वर्षं ओळखत होते आणि तरी आता तो कशाचा आहे ते मला सांगता येत नव्हतं. गर्भ रुजताना असा डाग जातो कधी कधी. जाताना पण असाच जातो. मी बाहेर आले, वही काढली, आणि लिहिलं: अकरावा दिवस, दुपारी दीड, तपकिरी, दोन थेंब. आत्या दारात होत्या. त्यांनी विचारलं नाही. मी स्वतःहून सांगितलं, “आत्या, डाग आहे.”

“लिव्हलं का?”

“लिहिलं.”

“मंग डॉक्टरीणबाईला फोन लाव.”

फोन लावला. ती म्हणाली, औषध चालू ठेवा, चौदाव्या दिवशी रक्त तपासा. तेराव्या दिवशी डाग लाल झाला. चौदाव्या दिवशी तपासलं. काहीच नव्हतं.

पुढे काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. गोठवलेलं काही उरलं नव्हतं. पाळी मात्र त्यानंतर दर महिन्याला आली, पाच दिवसांत संपली, सहाव्या दिवशी कापड पांढरं. आता वहीतला आकडा खरा होता, आणि त्याचा उपयोग नव्हता. दोन वर्षांनी मी ती वही ठेवणं बंद केलं.

उपकेंद्राच्या रजिस्टरात मी एक रकाना वाढवला. सरकारी नाही, पेन्सिलीने आखलेला, समासाच्या पलीकडे. सिझर झालेली बाई आली की विचारायचं: पाळी संपली कधी, त्यानंतर काय दिसतं. पहिल्याच महिन्यात पलीकडच्या तांड्यावरची एक सून आली. दोन वर्षांपूर्वी सिझर, मूल चालतंय, दुसरं राहत नाही. सोबत सासू. मी विचारलं, पाळी किती दिवस? सुनेने तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, “चार. बराबर चार. आमच्या घरात समद्या बायकांचं चारच.”

“आजी,” मी म्हटलं, “बाहेरच्या माठातून एवढं पाणी आणता का?”

त्या कुरकुरत उठल्या. मी दार लोटलं.

“आता सांग.”

मुलीने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे. बाहेर माठाचं झाकण वाजलं.

“ताई,” ती म्हणाली, “सांगते. पन वहीत नका लिवू.”